बिल्टीवर चालणारं दुकान

उल्हासनगर कॅम्प 2 मधल्या गजानन मार्केटचा कापडवाला जळगाव, नांदेड, लातूर, बेळगाव अशा गावांत माल विकतो, पण यांपैकी एकाही गावात त्याचं दुकान नसतं. त्याची पाटी, गल्ला आणि गडी सगळं कॅम्पातच. संध्याकाळी पार्सलं शिवली जातात, वर शाईनं गावाचं नाव पडतं, हातगाडी ट्रान्सपोर्टच्या गोदामाकडे जाते आणि तिथून हातात येते ती बिल्टी. त्या कागदाच्या आधारावर परगावचा सगळा धंदा उभा आहे. मी बदलापूरला राहतो आणि गेली अनेक वर्षं कॅम्पातल्या कापडवाल्यांचे हिशेब लिहितो. त्यामुळे हा धंदा मी काउंटरपेक्षा खातेवहीतून जास्त पाहिला आहे. खातेवहीतून त्याचं जे रूप दिसतं, ते काउंटरवर बसलेल्या माणसाला बरेचदा दिसत नाही.

ही रीत या गावाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, आणि बराकींचे कॅम्प 1 ते 5 हे आकडे तसेच राहिले. आलेल्या लोकांकडे भांडवल नव्हतं, पण दूरच्या गावाशी व्यापार करायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. शिकारपूरच्या सिंधी सावकारांचे गुमास्ते मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत बसत. सावकार शहा घरी, गुमास्ता परदेशी, आणि मध्ये हुंडी. त्या व्यवस्थेत गुमास्ता हा शहाचाच माणूस असे, ठरलेल्या मुदतीवर गेलेला आणि हिशेब घेऊन परत येणारा. आजचा जळगावचा घाऊक व्यापारी कॅम्पातल्या शेठचा माणूस नाही. तो स्वतःचा मालक आहे आणि त्याच्याकडे सुरतेचा, अहमदाबादचा, मालेगावचाही माल येतो. परगावी विकण्याच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका फरकात आहे. आपण माल त्याच्या हवाली करतो, पण माणूस आपला नसतो.

मग दुकानच का काढू नये? एक साधं उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, प्रत्येकानं आपले घालून पाहावेत. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. समजा कॅम्पातल्या एका कारखानदाराला एक कुर्ती 200 रुपयांत पडते. कापड, शिलाई, लेस, प्रेस, पॅकिंग सगळं धरून. जळगावात दुकान काढलं तर ती 400 ला विकता येईल. दुकानाचं भाडं 25 हजार, दोन माणसांचा पगार 24 हजार, वीज आणि वरखर्च 6 हजार, म्हणजे महिन्याचा खर्च 55 हजार. एका कुर्तीमागे 200 सुटतात, म्हणजे महिन्याला 275 कुर्त्या विकल्या की नुसता खर्च निघाला. रोज नऊ ते दहा. पितृपक्षात, भर पावसात आणि पीक घरात येण्याआधीच्या कोरड्या महिन्यांतही रोज नऊ ते दहा. शिवाय ते दुकान फक्त जळगाव शहरात विकणार. चोपडा, पाचोरा, जामनेर, चाळीसगाव या तालुक्यांच्या गावांत त्याचा हात पोचणार नाही.

घाऊक व्यापाऱ्याचा तिथे हात आहे. तालुक्याचे दुकानदार त्याच्याकडे महिन्यातून दोनदा येतात. त्यांची उधारी त्यानं सांभाळलेली असते आणि कुणाचं दुकान सध्या अडलंय हे त्याला माहीत असतं. तो आपल्याकडून कुर्ती 250 ला घेतो, तालुक्याच्या दुकानाला 290 ला देतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाला 400 च्या आसपास विकतो. आपल्याला कुर्तीमागे 50 रुपये सुटतात. शंभर कुर्त्यांवर 5 हजार, आणि भाडं नाही, पगार नाही. काउंटरवरचा शेठ इथपर्यंतचा हिशेब तोंडी करतो आणि खूश असतो.

आता तोच हिशेब वहीतून पाहू. पहिली वजावट वटावाची. बिलावर 5 टक्के वटाव ठरला की 250 चे 237 रुपये 50 पैसे झाले. शंभरातल्या आठ कुर्त्या परत आल्या, तर 92 कुर्त्यांचे 21,850 रुपये जमा. परत आलेल्या आठ कुर्त्या हंगाम संपल्यावर 150 ने काढल्या, त्यांचे 1,200. एकूण 23,050. दलालामार्फत पार्टी आली असेल तर विकलेल्या मालाच्या बिलावर 2 टक्के दलाली, 460 रुपये. पैसे नव्वद दिवसांनी आले आणि आपण बाजारातून दीड टक्का महिन्याने उचललेत, तर अडकलेल्या 20 हजारांचं व्याज सुमारे 890. शंभरातले दोन रुपये बुडाले धरले तर आणखी 440. हे सगळं वजा जाता हातात येतात 21,260 रुपये, आणि माल 20 हजारांचा होता. तोंडी हिशेबातले 5 हजार वहीत 1,260 होतात.

यातून घाऊक व्यापारी वाईट असं निघत नाही. दुकानाच्या तुलनेत 1,260 बरेच आहेत, कारण त्यात नुकसानीची टोकं लहान आहेत आणि असे दहा व्यापारी दहा जिल्ह्यांत ठेवता येतात. पण ही रक्कम किती नाजूक आहे ते पाहा. उधारी नव्वदऐवजी दीडशे दिवसांवर गेली की आणखी सुमारे 590 गेले. वापसी आठऐवजी पंधरा कुर्त्यांवर गेली की नफा 720 च्या आसपास राहतो. दोन्ही एकाच हंगामात घडलं तर शंभर कुर्त्यांमागे 130 रुपये उरतात. भाव मात्र त्या हंगामातही 250 च होता. कॅम्पात भावावर तासभर घासाघीस चालते आणि मुदत व वापसी ठरते दारात, चहाचा कप ठेवता ठेवता. माझ्या मते हे नेमकं उलटं आहे. भावातले दोन रुपये सोडले तर शंभर कुर्त्यांवर 200 जातात, मुदतीतले साठ दिवस सोडले तर 590.

म्हणून परगावी कसं विकावं याचा आढावा घेताना मी विक्रीचे मार्ग नफ्याच्या टक्केवारीनं लावत नाही. प्रत्येक मार्गाला दोनच प्रश्न विचारतो. माझा पैसा किती दिवस बाहेर राहणार? आणि गिऱ्हाइकाची खबर माझ्यापर्यंत परत येणार का? स्वतःच्या दुकानात पैसा त्याच दिवशी गल्ल्यात येतो आणि गिऱ्हाईक बाही लांब हवी म्हणतं ते आपल्या कानांनी ऐकू येतं. दुकान काढलं नाही तर भाडं वाचतं, पण या दोन गोष्टी आपण दुसऱ्याच्या हातात देतो.

सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे परगावचा दुकानदार स्वतः कॅम्पात येणं. तो पहाटे कल्याणला उतरतो, रिक्षानं कॅम्पात येतो, संध्याकाळपर्यंत चारपाच दुकानं फिरतो आणि रात्रीच्या गाडीनं परततो. माल तो डोळ्यांनी पाहून घेतो, म्हणून वापसी कमी. नवा असेल तर रोख देतो, जुना असेल तर निम्मे. आणि तो बोलतो. गेल्या वेळचा मोरपंखी रंग अंगावर राहिला, काळा उडाला, बायका खिसा मागतात, हे सगळं तो मोजणी चालू असताना सांगतो. हुशार शेठ हे ऐकतात आणि बिलाच्या मागे लिहून ठेवतात. या मार्गाची मर्यादा इतकीच की ज्याला येता येतं तोच येतो. नांदेडहून कॅम्पात यायचं तर दोन दिवस दुकान बंद.

ती मर्यादा दलाल भरून काढतो. कापडबाजारात दलालाची बदनामी फार झाली आहे, पण चांगला दलाल 2 टक्क्यांत जे देतो ते दुसरीकडे मिळत नाही. तो पार्टीची पत सांगतो. लातूरच्या कुठल्या दुकानाची वाटणी झाली, कुणाचा चेक गेल्या महिन्यात परत गेला, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून सध्या पैसा अडेल, हे त्याला ठाऊक असतं. वाईट दलाल ओळखायची एक खूण मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्याची दलाली माल गेल्यावर लगेच ठरलेली असते. चांगला दलाल दलाली वसुली झाल्यावर घेतो. एवढी एक अट बदलली की दलाल विक्रीचा माणूस राहत नाही, वसुलीचा होतो.

घाऊक व्यापाऱ्याकडे आता पुन्हा वळतो, कारण परगावची मोठी विक्री त्याच्याच हातून होते आणि बिघडतेही तिथेच. पहिली गोष्ट मुदतीची. महाराष्ट्रात उधारी पिकाच्या मागे चालते. खानदेश आणि विदर्भात कापूस विकला की पैसा फिरतो, मराठवाड्यात सोयाबीन, कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं बिल. दिवाळीसाठी भाद्रपदात गेलेला माल जळगावात विकला जातो, पण तालुक्याचे दुकानदार तो शेतकऱ्याला उधार देतात आणि कापसाचे पैसे हाती येईपर्यंत थांबतात. घाऊक व्यापारी आपल्याला पैसे देत नाही तेव्हा बहुतेक वेळा तो लबाड नसतो, तो कापसाची वाट पाहत असतो. हे माहीत असलं की मुदत ठरवताना दिवस मोजायचे की पीक पाहायचं ते कळतं. कॅम्पातला एक शेठ सगळ्या पार्ट्यांना सरसकट साठ दिवस देत असे आणि खानदेशातल्या पार्ट्या त्याला दर वर्षी खोट्या वाटत. आम्ही तीन वर्षांची वही उघडून प्रत्येक पार्टीचे पैसे कोणत्या महिन्यात आले ते मांडलं. कापसाच्या पट्ट्यातल्या पार्ट्यांचा पैसा दर वर्षी जवळजवळ त्याच दिवसांत आला होता, फक्त तो साठ दिवसांत बसत नव्हता. त्यानं त्या पार्ट्यांचा भाव 8 रुपयांनी वाढवला आणि मुदत खरी लिहिली. भांडणं थांबली.

कायद्यानं मुदतीत हात घातला तो अलीकडे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, हा नियम 2006 च्या कायद्यात होताच. आयकर कायद्यात 43बी(एच) ही तरतूद 1 एप्रिल 2024 पासून आली आणि त्याला दात फुटले. मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे बाकी असतील तर ती खरेदी त्या वर्षीचा खर्च म्हणून धरली जाणार नाही, म्हणजे देणेकऱ्यावर जास्त कर. 2024 च्या मार्चमध्ये कापडबाजारात माल परत पाठवण्याची लाट आली आणि काही खरेदीदार उद्यम नोंदणी रद्द करा म्हणून मागे लागले. यात कॅम्पातल्या अनेकांना कळलं नाही ते हे, की ही तरतूद माल बनवणाऱ्याला लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या कर्जापुरती. म्हणजे स्वतः शिवून विकणाऱ्या शेठच्या हातात हे हत्यार आहे आणि सुरतेचा माल आणून विकणाऱ्या शेजारच्या दुकानाच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे तोही ते जुन्या पार्टीवर उगारत नाही. पण नव्या पार्टीशी बोलताना बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणं आणि नसणं यात फरक पडतो.

जीएसटीतला एक नियम त्याहून कामाचा आहे. खरेदीदारानं 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यानं घेतलेलं कराचं क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. दीडशेव्या दिवशी पार्टीला याची आठवण करून देणारा साधा निरोप मी अनेकदा लिहिला आहे, आणि रागावून केलेल्या दहा फोनपेक्षा त्यानं जास्त वसुली झाली आहे. या कराची दुसरी बाजू आपल्याला टोचते. पार्टीकडून पैसे आले नाहीत तरी बिल फाडलं की कर पुढच्याच महिन्यात आपल्याला भरावा लागतो. वरच्या शंभर कुर्त्यांवर 5 टक्क्यांनी सुमारे 1,190 रुपये आपल्या खिशातून आधी जातात आणि नव्वद दिवसांनी येतात. तोंडी हिशेबात हे कधीच नसतं.

बेळगावची पार्टी असेल तर आणखी एक भिंत आहे. बेळगाव आपल्या भाषेचं असलं तरी कराच्या लेखी परराज्य आहे. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानाला परराज्यात विकताच येत नाही, मग उलाढाल कितीही लहान असो. आणि ई-वे बिल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर लागतं, परराज्यात 50 हजारांच्या वर. 70 हजारांचं पार्सल नांदेडला जाताना ते लागत नाही आणि बेळगावला जाताना लागतं. गाडी वाटेत अडली की हंगामाचे दिवस गेले.

दुसरी गोष्ट वापसीची, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वापसीचं पार्सल आलं की कॅम्पात ते कोपऱ्यात टाकलं जातं आणि शेठ चिडतो. ते आधी उघडून वाचावं. घाऊक व्यापारी गिऱ्हाइकाची खबर आपल्याला तोंडानं देत नाही, त्याला वेळ नसतो आणि गरजही नसते. पण पार्सल ती देतं. कुर्त्या सेटनं जातात, एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएलची एकेक. पूर्ण सेट, पिशवीची पट्टीही न सोडलेले, तसेच्या तसे परत आले तर माल तालुक्यापर्यंत गेलाच नाही. तो व्यापाऱ्याच्या माळ्यावर पडून राहिला, कारण त्यानं गरजेपेक्षा जास्त उचलला किंवा त्याच भावात सुरतेचा माल त्याला वेगळा मिळाला. इथे दोष डिझाइनचा नाही, जास्त माल गळ्यात घातल्याचा आहे. सेट फोडलेले आणि फक्त एम व डबल एक्सएल परत आले तर माल चालला आहे, सेटमधलं प्रमाण चुकलं आहे, त्या गावाला एल आणि एक्सएल दुप्पट हवेत. सगळ्या साइजचे तुकडे उघडलेले, घडीच्या कडेला धूळ आणि ऊन लागून रंग उतरलेला असेल तर माल दुकानात लागला, लोकांनी पाहिला आणि घेतला नाही. तेव्हा भाव किंवा रंग चुकला. आणि पार्सल नेमकं बिलाच्या मुदतीच्या आदल्या आठवड्यात आलं तर पार्टीकडे पैसे नाहीत आणि ती पैशांऐवजी कापड देते आहे. हे शेवटचं पार्सल सगळ्यात महत्त्वाचं. त्यानंतर त्या पार्टीला नवा माल उधार देऊ नये, तिनं कितीही मोठी ऑर्डर लिहिली तरी.

या खुणा वाचता येण्यासाठी पार्सल पाठवताना थोडं काम करावं लागतं. प्रत्येक पिशवीवर डिझाइन नंबरासोबत पाठवल्याचा महिना आणि पार्टीची खूण. नाहीतर एका गावचा माल दुसऱ्याच गावाहून परत येतो आणि कळतही नाही. जळगावच्या व्यापाऱ्यानं आपला माल अकोल्यात आपल्याच दुसऱ्या पार्टीच्या भावाखाली फेकला, हेही याच खुणेनं कळतं. असं झालं की अकोल्याची पार्टी रागावते आणि शेठनं जळगावला ताकीद द्यावी म्हणते. पण घाऊकवाल्यानं किती भावात विकावं हे आपण ठरवू शकत नाही. मोठ्या कंपन्यांना तर कायदाच आडवा येतो. स्पर्धा आयोगानं 2021 मध्ये मारुती सुझुकीला डीलरांच्या सवलतींवर बंधन घातल्याबद्दल 200 कोटींचा दंड केला होता. कॅम्पातल्या कारखानदाराचा बाजारात इतका जोर नाही की आयोगानं त्याच्याकडे पाहावं, पण जोर नाही म्हणूनच त्याची ताकीद कोणी ऐकतही नाही. त्याच्या हातात एकच उपाय उरतो. दोन गावांना दोन वेगळे डिझाइन नंबर द्यायचे, जेणेकरून भावाची तुलनाच होणार नाही.

काही पार्ट्या उधारी मागत नाहीत, जांगड मागतात. माल ठेवा, विकला तर पैसे, नाहीतर परत. ऐकायला हे उधारीपेक्षा वाईट वाटतं, पण कधीकधी ते बरं असतं, कारण निदान सगळं खरं बोललं जातं. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे जांगड माल ठरलेल्या मुदतीपर्यंत परत केला नाही तर तो विकला गेला असं धरलं जातं. मुदत ठरलेलीच नसेल तर वाजवी काळ म्हणजे किती, यावर वर्षानुवर्षं भांडत बसावं लागतं. म्हणून चलनावर तारीख लिहायची. जीएसटीतही जांगड मालाचं बिल मालाला मान्यता मिळाली की, किंवा माल निघाल्यापासून सहा महिने होताच फाडावं लागतं. मी स्वतः तीस दिवसांपेक्षा जास्त जांगड लिहू देत नाही. तीस दिवसांत न विकलेली कुर्ती साठ दिवसांत विकली गेल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

रेडिमेड कपड्याचा स्वभावच असा आहे की त्यात मुदत आणि वापसी टाळता येत नाही. पापडाचं तसं नाही. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड आज देशभर वितरकांमार्फत विकला जातो आणि वितरक आधी अनामत ठेवतो, माल रोखीनं उचलतो. पापडाला साइज नसते, हंगाम नसतो, फॅशन नसते, आणि दोन महिन्यांनी तोच पापड पुन्हा लागतो. कॅम्पात काही जण लिज्जतचं नाव घेऊन म्हणतात की आपणही रोखीनंच द्यावं. ज्या डिझाइनला वर्षभर न बदलता मागणी आहे, उदाहरणार्थ साधी लेगिंग किंवा पेटीकोट, तिथे ते चालतं आणि चालवावंच. नव्या छपाईच्या कुर्तीला ते चालणार नाही, कारण तिथे घाऊक व्यापारी आपली चुकीची अटकळ स्वतःच्या माळ्यावर ठेवून घेतो आहे आणि उधारी हे त्याचं भाडं आहे.

आता घरातून विकणाऱ्या बायका. अंबरनाथ आणि बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये त्या शेकड्यांनी आहेत आणि त्यांची नातेवाईक-मैत्रिणींची जाळी पुण्यात, नाशकात, साताऱ्यात पसरलेली आहे. कॅम्पातून रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, त्या आपला भाव चढवून ते पुढे पाठवतात, ऑर्डर आली की शेठ माल थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवतो. पाकिटात बिल नाही, नाव त्या ताईचं. 2015 मध्ये सुरू झालेली मीशो ही कंपनी वाढली ती अशाच घरगुती विक्रेत्यांच्या भरवशावर, आणि पुढे गिऱ्हाईक ॲपवर थेट यायला लागल्यावर तिनं आपला भर तिकडे वळवला. घरगुती विक्रेतीची जागा गिऱ्हाइकाला माल सापडत नाही तोवरच पक्की असते, हे त्यावरून दिसतं. ज्या ताया टिकल्या त्या फोटो पाठवण्यापलीकडे काहीतरी करतात म्हणून. माप घेतात, बाही आखूड करून देतात, पदराला फॉल लावतात, वहिनीचा आवडता रंग त्यांना ठाऊक असतो.

या मार्गात पैसा लवकर येतो, पण कुरिअर त्याचा जीव घेतं. समजा एकेका कुर्तीवर ताईला आणि कुरिअरला देऊन शेठला 70 सुटले आणि पॅकिंगचे 10 गेले, म्हणजे 60 उरले. डिलिव्हरीच्या वेळी पैसे द्यायचे अशी ऑर्डर गिऱ्हाइकानं दारातून परत केली, तर जायचे 65, यायचे 65 आणि पॅकिंग 10, असे 140 गेले. तीनातली एक परत आली की इतर दोन्हींवरचे 120 संपून वर 20 घालावे लागतात. कॅम्पात ज्यांनी हा धंदा बंद केला त्यांतल्या बहुतेकांनी ही बेरीज उशिरा केली. ज्यांनी चालवला त्यांनी एकच नियम घातला. ताईनं गिऱ्हाइकाकडून यूपीआयनं आधी पैसे घ्यायचे, आणि नव्या ताईसाठी निदान कुरिअरचे पैसे आधी. गिऱ्हाईक ताईला ओळखतं म्हणून ते आधी पैसे देतं. ॲपवरच्या अनोळखी दुकानाला ते तसं देत नाही. तिच्या ओळखीची खरी किंमत ती हीच.

पण मी या ताईंना दुसऱ्या कारणासाठी जपायला सांगतो. महिन्याला त्यांची विक्री एका घाऊक पार्टीच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते, पण खबर त्या देतात. गुरुवारी फोटो गेला की शुक्रवारी दुपारपर्यंत कळतं की पिवळा कुणी विचारत नाही, हाच नमुना गडद मरूनमध्ये पाच जणींनी मागितला आणि गळ्याची लेस टोचते असं दोघी म्हणाल्या. हीच गोष्ट घाऊक मार्गानं वापसीच्या पार्सलातून कळायला तीन महिने लागतात आणि तोवर त्याच डिझाइनच्या आठशे कुर्त्या शिवून झालेल्या असतात. खानदेशातल्या पार्ट्यांची मुदत ज्या शेठनं बदलल्याचं मी सांगितलं, तो आता नवा नमुना आधी चाळीस कुर्त्यांचा काढतो, पंधरा-वीस ताईंना फोटो पाठवतो, दहा दिवस वाट पाहतो आणि मगच घाऊक पार्ट्यांसाठी कापडाचे तागे घेतो. ताईंवर त्याला फारसा नफा होत नाही. घाऊक मालाची वापसी मात्र गेल्या दोन दिवाळ्यांत उतरली आहे, आणि वरच्या हिशेबात पंधरावरून आठवर येणारी वापसी शंभर कुर्त्यांवर साडेपाचशे रुपयांची असते.

आता नवी पार्टी जोडताना हा शेठ एक अर्धा कागद भरून घेतो. त्यात मुदत दिवसांत नाही, महिन्यात लिहिलेली असते. उधारीची वरची मर्यादा असते आणि ती एकूण उधारीच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठी होऊ दिली जात नाही, कारण एक पार्टी बुडाली तर कारागिरांची मजुरी थांबता कामा नये. वापसी बिल्टीच्या तारखेपासून एकवीस दिवसांत, पूर्ण सेटचीच, भाडं पार्टीचं. सुट्या साइज परत घेतो, पण बदली मालावर, पैशांवर नाही. आणि शेवटची ओळ त्यानं स्वतःच घातली, मी नाही. आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय नवीन हंगामाचा माल निघणार नाही. पहिल्या वर्षी या ओळीमुळे दोन पार्ट्या गेल्या. त्यांतली एक पुढच्या चैत्रात परत आली, जुनं बिल फेडून, आणि तिनं पहिल्यांदाच फोनवर विचारलं की या वेळी मरून किती पाठवणार.